दोन वर्षांच्या पोस्टिंगमध्ये अधिकारी नेमकं काय बदलू शकतो? ब्राझीलमधल्या सेआरा राज्याची गोष्ट

प्रश्न: सर, विकास प्रशासन वाचताना जिथे तिथे अधिकारी म्हणजे 'चेंज एजंट' असं येतं. पण मागास भागात गेलेला अधिकारी दीड-दोन वर्षांत बदलून जातो, निधी वरून ठरून येतो, खालची माणसं आधीच नेमलेली असतात. मग त्याच्या हातात खरंच काय असतं? एखादं खरं उदाहरण घेऊन सांगाल का?

उत्तर:

नोकरीला लागलो तेव्हा चेंज एजंट हा शब्द मलाही लई आवडायचा. पहिल्याच मागास पोस्टिंगमध्ये मी लहान मुलांची वजनं घेण्याची मोहीम काढली, आठवड्यातून एक दिवस स्वतः जीप घेऊन फिरायचो, मी येणार म्हटलं की काटे बाहेर, मुलं रांगेत, रजिस्टर भरलेलं. सव्वा वर्षात बदली झाली. पुढे सहा-सात महिन्यांनी दुसऱ्या कामाने त्याच भागातून जाताना सहज एका गावात थांबलो तर काटा कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही. त्या लोकांना मी आजही दोष देत नाही. काम चालत होतं ते माझ्या जीपच्या आवाजावर, जीप गेली तसं कामही गेलं.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी अधिकाऱ्याच्या तळमळीत वगैरे शोधत नाही. माझ्या मते त्याच्या हातात असतं ते हे की खालच्या माणसाला कोण निवडणार, पगार कोणाच्या हातून जाणार, आणि त्याच्याकडून कुठला आकडा मागायचा. ऐकायला अगदी आस्थापनेच्या फायलीसारखं वाटतं हे, पण माणसं वाचतात ती इथेच. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण ब्राझीलच्या सेआरा राज्यातलं आहे, म्हणून तेच नीट उलगडून सांगतो.

सेआरा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातलं राज्य. आतला बहुतेक भाग निमकोरडा, दुष्काळ ठरलेला, देशातल्या सगळ्यात गरीब राज्यांपैकी एक. १९८७ च्या सुमाराला तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी साधारण १०२ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जायची, म्हणजे दहातलं एक. गोवर-पोलिओच्या लसी चारातल्या एकाच मुलापर्यंत पोचायच्या. आणि आतल्या कित्येक म्युनिसिपॅलिट्यांमध्ये सरकारी आरोग्यसेवा म्हणजे काय, तर एक ॲम्ब्युलन्स आणि थोडीफार औषधं, ती पण बऱ्याचदा मेयरच्या घरी ठेवलेली, ज्याच्यावर मर्जी त्याला मिळणार. (तिथली म्युनिसिपॅलिटी म्हणजे फक्त शहर नाही हां, आजूबाजूची खेडी धरून एक छोटा तालुका समजा, आणि मेयर म्हणजे तिथला निवडून आलेला सर्वेसर्वा.) नोकरी म्हणजे मेयरने केलेली मेहेरबानी आणि औषध म्हणजे मताची परतफेड, असा एकूण कारभार.

१९८७ मध्ये तासो जेरेइसाती नावाचे एक उद्योगपती गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे निवडून आलेले राज्याचे प्रमुख झाले, जुन्या पुढाऱ्यांना हरवून. त्याच वर्षी दुष्काळ पडला. दुष्काळात केंद्राकडून रोजगाराच्या कामांसाठी पैसे यायचे, त्यातून रस्ते, तळी, विहिरी असं नेहमीचं खोदकाम निघायचं. आरोग्य खात्यातल्या लोकांनी काय केलं, तर त्याच पैशातून हजारो लोकांना, मुख्यतः बायकांना, किमान वेतनावर आरोग्यसेविका म्हणून नेमायचं ठरवलं. दुष्काळी कामच, फक्त हातात कुदळीऐवजी वजनकाटा. मला यातली हुशारी फार भावते कारण नवीन योजना मंजूर करून घ्यायची तर दोन वर्षं गेली असती, इथे आधीच येत असलेल्या पैशाचं फक्त काम बदललं. दुष्काळाचा निधी आटला तेव्हा राज्याने आपल्या पैशातून कार्यक्रम पुढे चालू ठेवला आणि हळूहळू वाढवत नेला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साधारण ७,३०० सेविका आणि त्यांच्यावर २३५ नर्स अशी फौज उभी होती. १९९२ पर्यंत बालमृत्यू १०२ वरून ६५ च्या आसपास उतरला, लसीकरण २५ टक्क्यांवरून ९० च्या घरात गेलं. १९९३ मध्ये युनिसेफने राज्याला पुरस्कारही दिला. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्राध्यापिका ज्युडिथ टेंडलर यांनी तिथे जाऊन हा सगळा प्रकार बारकाईने अभ्यासला, आणि मी सांगतोय त्यातला बराचसा तपशील त्यांच्यामुळेच बाहेर आला.

आता मुद्द्याचं. घरोघरी जाणाऱ्या सेविका ही काही नवी आयडिया नव्हती, जगभर असे कार्यक्रम निघतात आणि दोन-चार वर्षांत मरतात. हा का नाही मेला?

पहिली गोष्ट भरतीची. राज्याने मेयरच्या हातात भरती दिलीच नाही. सात हजार नोकऱ्या, त्याही ज्या भागात पगार देणारी दुसरी नोकरीच नाही अशा ठिकाणी, म्हणजे कुठल्याही पुढाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल असा माल. राज्याची निवड समिती प्रत्येक ठिकाणी जायची, अर्ज मागवायची, एकेकाची मुलाखत घ्यायची, सगळ्यांची एकत्र बैठक घ्यायची. अटी आधीच सांगितलेल्या असायच्या. जिथे काम करायचं तिथेच राहायचं. दिवसाचे आठ तास काम. कामावर असताना कुठल्या उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, पत्रकं वाटायची नाहीत. नोकरी कायम नाही, काम केलं नाही तर काढणार.

इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल की बरं, पारदर्शक भरती केली. पण खरी खेळी पुढे आहे. एका जागेसाठी कितीतरी अर्ज यायचे, म्हणजे निवड होणाऱ्यांपेक्षा न होणारे कितीतरी जास्त. समिती त्या सगळ्यांसमोरच सांगायची की तुमच्यातल्या काहींची निवड होणार नाही, पण काम तुम्हाला माहीत झालंय, नियम माहीत झालेत, आता निवडलेल्या बाया घरोघरी जातात की नाही यावर लक्ष तुम्ही ठेवायचं आणि नाही गेल्या तर आम्हाला कळवायचं. विचार करा, नोकरी न मिळालेल्या माणसापेक्षा जास्त डोळ्यात तेल घालून कोण बघणार? एरवी ही माणसं नाराज होऊन घरी बसतात किंवा भरतीत पैसे चालले म्हणून बोंब मारतात, इथे तीच फुकटातली तपासनीस झाली. आणि गावागावात लोकांना कळलं की ही बाई महिन्यातून एकदा माझ्या दारात यायलाच पाहिजे, तो माझा हक्क आहे, तिचा उपकार नाही.

मी पुढच्या एका पोस्टिंगमध्ये हे जसंच्या तसं उचललं, पण छोट्या प्रमाणात. काही मानधनी जागा भरायच्या होत्या. पूर्वी मुलाखती ऑफिसमध्ये माझ्या चेंबरला व्हायच्या, बंद दाराआड. मी त्या गावातच, उघड्या मैदानावर घेतल्या, मुलाखतीआधी कामाची यादी मोठ्याने वाचून दाखवली, किती घरं, महिन्यातून किती वेळा, काय विचारायचं, काय लिहायचं, सगळं. एक पूर्ण दिवस जास्त गेला. पण नंतर वर्षभर तक्रारी यायला लागल्या त्या "आमची निवड का नाही" अशा नव्हत्या, "ती दोन महिने आमच्या वस्तीवर फिरकली नाही" अशा होत्या. दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीने अधिकाऱ्याला काही करता येतं, पहिल्या प्रकारच्या तक्रारीने फक्त खुलासे लिहावे लागतात.

दुसरी गोष्ट पैशाची वाटणी, आणि ही मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. सेविकांचा पगार राज्य थेट देणार. पण त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या नर्सचा पगार म्युनिसिपॅलिटीने द्यायचा. मेयर नर्स नेमायला तयार नसेल तर त्या म्युनिसिपॅलिटीला कार्यक्रमच नाही, विषय संपला. कोणावर जबरदस्ती नाही. सगळंच राज्याने दिलं असतं तर मेयर म्हणाला असता तुमचं तुम्ही बघा, आणि गाडी, औषधं, बसायला खोली काहीच दिलं नसतं. उलट सगळंच मेयरकडे दिलं असतं तर सेविका म्हणजे त्याच्या कार्यकर्त्यांच्या बायका झाल्या असत्या. म्हणून मोठी, वाटपाची, मोह पाडणारी रक्कम राज्याने आपल्या हातात ठेवली आणि छोटी पण जबाबदारीची रक्कम मेयरच्या गळ्यात घातली.

मग मेयर तयार कसे झाले? सुरुवातीला बरेच नव्हतेच. आपल्या हातात एकही नोकरी नाही आणि वर नर्सचा पगार द्यायचा, कोण हो म्हणेल. तेव्हा राज्याने लोकांमध्येच प्रचार केला, की असा असा कार्यक्रम आहे, शेजारच्या म्युनिसिपॅलिटीत चालू आहे, तिथे मुलं कमी मरतायत, तुमच्याकडे नसेल तर तुमच्या मेयरला विचारा. म्हणजे वरून आदेश काढून मेयरला वाकवण्यापेक्षा खालून त्याच्या मतदारांना जागं केलं. त्या वेळच्या १७८ म्युनिसिपॅलिट्यांपैकी जवळपास सगळ्या पाच वर्षांत आत आल्या. आणि मग गंमत अशी की मेयर लोकच भाषणात सांगायला लागतात, बघा आम्ही आणलं. आणू देत की. श्रेय त्यांनाच घेऊ द्यावं, ते श्रेय घेतलं की पुढच्या वर्षी नर्सचा पगार थांबवणं त्यांनाच अवघड जातं.

आता लोक विकेंद्रीकरण, विकेंद्रीकरण करतात ना, की सगळं स्थानिक पातळीवर सोडा म्हणजे लोकशाही येते, त्यांना मी हे उदाहरण देतो. काय खाली सोडायचं आणि काय वर धरून ठेवायचं हे बाबवार ठरवावं लागतं. गरीब भागात स्थानिक सत्ता अनेकदा चार घरांच्या हातात असते, तिथे भरती खाली सोडली की ती त्या चार घरांकडेच जाते. तिथे वरच्या सरकारने हात घट्ट ठेवला म्हणूनच खालच्या माणसाला आवाज मिळाला.

तिसरी गोष्ट कामाची मोकळीक. एका नर्सखाली साधारण तीसेक सेविका. सेविकेने आपल्या वाट्याच्या प्रत्येक घरी महिन्यातून एकदा जायचं, गरोदर बाई आहे का, बाळाचं वजन, लस, अंगावरचं दूध, जुलाब. तिथल्या बाळांना मारणारा मोठा शत्रू म्हणजे जुलाबातलं पाणी कमी होणं, आणि त्यावरचा उपाय घरात असतो, एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे शिकवायला डॉक्टर लागत नाही. पण हे ऐकून घ्यायला त्या आईचा विश्वास लागतो, आणि तोच नव्हता. सुरुवातीला बायका दार उघडायच्या नाहीत, सरकारी माणूस दारात म्हणजे काहीतरी काढून न्यायलाच आला असेल असा अनुभव.

तेव्हा सेविकांनी काय केलं तर दारात उभं राहून उपदेश देणं सोडून दिलं आणि कामाला हात लावला. बाळाला अंघोळ घालून दे, नखं काप, केस काप, स्वयंपाकात मदत कर. यातलं काहीही त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. कडक शिस्तीच्या अधिकाऱ्याने मेमो काढला असता की नेमून दिलेलं काम सोडून हे काय चाललंय. नर्सनी तसं केलं नाही, चालू दिलं, कारण नखं कापून दिल्यावर तीच आई पुढच्या महिन्यात लसीचं ऐकते हे त्यांना समोर दिसत होतं. नर्सचं पण एक आहे, हॉस्पिटलमध्ये त्या डॉक्टरांच्या हाताखाली, इथे तीस जणींच्या प्रमुख, गावात मान, निर्णय स्वतःचे. माणूस पगारावर नोकरी करतो पण मन लावून काम करतो ते मान मिळाला की, हे मी पस्तीस वर्षांत इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

मोकळीक मात्र बेफाम नसते. सेविका टाके काढायला, इंजेक्शन द्यायला लागल्या तर तिथे नर्स आणि डॉक्टर अडणारच, आणि त्यांचं चूकही नाही. शिवाय एकदा लोक तुम्हाला घरचं समजायला लागले की मागण्या संपत नाहीत, मग ती बाई रात्री-बेरात्री सगळ्यांची धावपळ करत दमून जाते आणि मूळ महिन्याची फेरी राहते. म्हणून महिन्यातली फेरी ही अट कडक, बाकी सगळं तिच्या अकलेवर, अशी विभागणी ठेवली तर चालतं.

आता आकड्यांवर येतो, कारण अधिकारी फसतो तो इथे. समजा तुमच्या ताब्यातला भाग वीस हजार लोकसंख्येचा आहे. जन्मदर हजारी ३० धरला, गरीब भागात असा असायचा, तर वर्षाला ६०० बाळं जन्मणार. बालमृत्यू हजारी १०० असेल तर वर्षाला ६० बाळं जाणार, म्हणजे महिन्याला पाच. तुम्ही चार्ज घेतला आणि रजिस्टर उघडलं तर तिथे वर्षभरात नऊ मृत्यू. खुश होऊ नका. उरलेली एक्कावन्न बाळं कुठे गेली, तर नाव नोंदायच्या आधीच पुरली गेली. ज्यांचा जन्म कोणी लिहिला नाही त्यांचा मृत्यू कोण लिहिणार.

आता खरंच चांगलं काम सुरू झालं, सेविका घरोघरी जायला लागल्या, तर पहिल्या वर्षी काय होईल? नोंदलेले मृत्यू नऊवरून चाळीसवर जातील. प्रत्यक्षात बाळं कमी मरतायत आणि कागदावर चौपट. नेमकं याच वेळी वरून फोन येतो की तुमच्याकडे मृत्यू का वाढले, खुलासा द्या. अननुभवी अधिकारी तोच फोन खाली ढकलतो, नर्सला झापतो, नर्स सेविकेला, आणि पुढच्या महिन्यापासून मृत्यू परत कमी. रोग बरा नाही झाला, फक्त थर्मामीटर फुटला. मागास भागात अधिकाऱ्याचं सगळ्यात मोठं काम मला विचाराल तर हेच, तो फोन स्वतःच्या टेबलावर थांबवणं. वर लेखी कळवायचं, शक्यतो काम सुरू करायच्या आधीच, की पहिले बारा महिने नोंदी वाढणार आहेत, त्याचा अर्थ असा असा आहे. आधी कळवलेलं असलं की तीच वाढ तुमचं यश ठरते, नंतर कळवलं की सबब.

आणि हाच हिशोब एक पायरी खाली नेऊन बघा. वीस हजार लोक म्हणजे पाच माणसांचं घर धरून चार हजार घरं, शंभर घरांना एक सेविका तर चाळीस सेविका. एका सेविकेच्या वाट्याला वर्षात पंधरा जन्म, आणि मृत्यू सरासरी दीड. आता एखाद्या सेविकेकडे वर्षभरात शून्य मृत्यू झाले तर तिचा सत्कार करायचा का? नाही. सरासरी दीड असेल तर निव्वळ योगायोगाने शून्य येण्याची शक्यता साधारण पाचात एक आहे, म्हणजे चाळीसपैकी आठ-नऊ जणींकडे काहीच न करता शून्य येईल. आणि एखादीकडे चार मृत्यू झाले तर ती कामचुकार आहे असंही नाही. इतक्या लहान आकड्यावर माणसाची परीक्षा होतच नाही, पण मी अशा रिव्ह्यू मीटिंग बघितल्यात जिथे नेमक्या याच आकड्यावर बायांना उभं करून बोलायचे. त्याचा परिणाम एकच, पुढच्या वेळी कोणी मृत्यू सांगत नाही.

मग तपासायचं काय? जन्म. पंधरा जन्म अपेक्षित असताना एखादीच्या रजिस्टरमध्ये सहाच असतील तर ती काही वस्त्यांवर जातच नाही, साधारणपणे लांबची, चढावरची किंवा गावाने वेगळी ठेवलेली वस्ती. जन्म कमी दिसले तर कोणाला शिक्षेची भीती वाटत नाही त्यामुळे ते कोणी मुद्दाम लपवत नाही, हा त्याचा फायदा. दुसरं, वजनांचे आकडे. खरोखर काट्यावर घेतलेली वजनं वेडीवाकडी असतात, सहा किलो तीनशे, सात किलो आठशे. सगळी वजनं अर्ध्या किंवा पूर्ण किलोवर येऊन थांबत असतील तर ती घरी बसून लिहिलेली आहेत. तिसरं म्हणजे प्रत्येक सेविकेने महिन्यात बरोब्बर शंभर भेटी लिहिल्या असतील तर समजा की भेटी शंभर नाहीत, कोटा शंभर आहे. पाऊस, आजारपण, लग्न, बंद घर, या सगळ्यामुळे खरा आकडा कधी ८३ असतो कधी ९६. एवढं बघायला कॉम्प्युटर लागत नाही, रजिस्टर घेऊन अर्धा तास बसलं तरी पुरतं. आणि मग त्यातली तीन घरं निवडून, कोणाला न सांगता, स्वतः जाऊन विचारायचं की मागच्या महिन्यात कोण आलं होतं.

सेआराचं सगळंच गोडगोड होतं असं नाही, ते पण सांगतो. बालमृत्यूची सगळी घट या सेविकांमुळे झाली असं म्हणता येत नाही. त्याच काळात देशभर लसीकरणाच्या मोहिमा चालू होत्या, बायकांना मुलंही कमी होत होती, आणि मुलं कमी, अंतर जास्त असलं की बाळं तशीही जास्त जगतात. कार्यक्रमाचा वाटा मोठा होता एवढं म्हणणं प्रामाणिक.

राजकीय नशीबही होतं. जेरेइसाती १९९१ ला पायउतार झाले तर त्यांच्या जागी त्यांच्याच गटाचे सिरो गोमेस आले, म्हणजे वरचा आधार बरीच वर्षं सलग टिकला. मधेच विरोधी गव्हर्नर आला असता तर काय झालं असतं कोणास ठाऊक.

आणि सगळ्यात दुखरी बाजू म्हणजे त्या बायकांची नोकरी. कायम नाही, काढता येते, या अटीमुळे सुरुवातीला काम चोख झालं हे खरं, पण त्याच अटीची किंमत त्यांनी वर्षानुवर्षं मोजली. पुढे १९९१ मध्ये केंद्राने हाच नमुना देशभर नेला, १९९४ मध्ये त्यातून डॉक्टर-नर्स-सेविका अशा कुटुंब आरोग्य टीम निघाल्या, आज ब्राझीलमध्ये अडीच लाखांच्या वर असे कार्यकर्ते आहेत, पण त्यांच्या नोकरीला नीट कायदेशीर आधार मिळाला तो २००६ मध्ये, घटनादुरुस्ती आणि त्यामागून आलेल्या कायद्याने. म्हणजे जवळजवळ दोन दशकं. आपण अधिकारी लोक पहिल्या भागाची वाहवा करतो आणि हा दुसरा भाग पटकन उरकतो, मीही केलंय तसं.

शिवाय ही पद्धत सगळीकडे लागू होत नाही. घरोघरी जाऊन, साधं, परत परत करायचं, आणि ज्याचा फायदा त्या घराला लगेच दिसतो अशा कामाला ही बसते. जमिनीचे वाद, धरणाच्या पाण्याचं वाटप, अशा कामात एकाला दिलं की दुसऱ्याचं जातं, तिथे विश्वास कमावून भागत नाही, तिथे सत्तेशीच गाठ असते आणि तो वेगळा विषय आहे.

आता तुमचं बदलीचं. बदली होणारच, ते धरूनच चालायचं. सेआरामध्ये गव्हर्नर बदलले, सचिव बदलले, नर्सही बदलल्या, पण मेयरच्या घरातून औषधाचं कपाट बाहेर आलं ते परत आत गेलं नाही, कारण शेजारच्या घरातली न निवडलेली बाई बघत होती आणि प्रत्येक घराला माहीत होतं की महिन्यातून एक फेरी आपली आहे. त्या मैदानावरच्या मुलाखती मी ज्या भागात घेतल्या होत्या तिथेही माझ्यानंतर आलेल्या साहेबांनी पुढची भरती परत चेंबरमध्ये घ्यायचं ठरवलं होतं. पण मुलाखतीच्या दिवशी सकाळीच गावातून पन्नास-साठ माणसं ऑफिसबाहेर येऊन उभी राहिली, भांडायला नाही, फक्त विचारायला, की यादी कधी वाचून दाखवणार. साहेबांनी टेबल बाहेर आणायला लावलं. मला हे तिथल्याच एका क्लार्कने सांगितलं.